हत्ती वर असूनही डाव बरोबरीत सुटतोय? निरंतर शहाची तपासणी

तक्रार अशी असते: "सर, माझा हत्ती जास्त होता, पुढच्या चालीला मात होती, आणि समोरच्याने शह द्यायला सुरुवात केली ती थांबवलीच नाही." गेल्या काही वर्षांत बुद्धिबळाच्या वर्गात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता डाव न बघताही चूक साधारण कुठे असेल ते सांगता येते. शह सुरू झाले तिथे ती नसते. त्याच्या एक चाल आधी, एखादे प्यादे मारताना किंवा मातीची धमकी देताना ती झालेली असते. म्हणून दुरुस्तीही तिथेच करावी लागते.

निरंतर शह म्हणजे, आपण सगळे बोलताना म्हणतो तो 'पर्पेच्युअल': एक बाजू शहामागून शह देत राहते, दुसऱ्या बाजूच्या राजाला त्यातून सुटायला जागा नसते, आणि शह देणाऱ्यालाही मात करता येत नाही. डाव बरोबरीत जातो. हरत असलेल्याला हा शेवटचा आधार, जिंकत असलेल्याला हातातोंडाशी आलेला घास गेल्यासारखे. हा लेख दोघांसाठी आहे, कारण दोघांनी शोधायची गोष्ट एकच आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीचा स्पर्धेतला डाव घेतो. शेवटाकडची स्थिती खाली देतो आहे, बाजूची बिनमहत्त्वाची प्यादी काढून. ती काळ्या मोहऱ्या घेऊन खेळत होती आणि चाल तिची होती. पट मांडून बसा, किंवा ही ओळ विश्लेषण पटावर चिकटवा:

```
6k1/p3Q1p1/r7/2p5/8/8/Pq4PP/6K1 b - - 0 1
```

पांढऱ्याकडे राजा g1, वजीर e7 आणि a2, g2, h2 ही प्यादी. काळ्याकडे राजा g8, वजीर b2, हत्ती a6 आणि a7, c5, g7 ही प्यादी. अख्खा हत्ती जास्त. घड्याळात बारा मिनिटे शिल्लक. तिने ...Rxa2 खेळले. प्यादे मिळाले आणि शिवाय पुढच्या चालीला Qxg2 मात, कारण वजिरामागे हत्ती दुसऱ्या आडव्या रांगेत उभा राहिला. चाल करून ती पाणी प्यायला उठली. परत आली तेव्हा पांढऱ्याने Qe8+ खेळून ठेवले होते.

```
1.Qe8+ Kh7
2.Qh5+ Kg8
3.Qe8+ Kh7
4.Qh5+ Kg8
5.Qe8+
```

काळ्याला कुठेच फाटा नाही, हे स्वतः पडताळून पाहा. वजीर e8 वर असताना राजा f8 आणि f7 वर जाऊ शकत नाही, h8 ही त्याच आठव्या रांगेवर आहे. उरले h7. तिथे गेल्यावर Qh5+ ला g6 आणि h6 दोन्ही वजिराच्या ताब्यात, h8 उभ्या रांगेवर. उरले g8. आणि h5 ते e8 ही तिरकी वाट मोकळी असल्यामुळे पांढरा वजीर परत जागेवर.

राजा अडकला हे अर्धेच उत्तर झाले. शहातून सुटायचे तीन मार्ग असतात: राजा हलवणे, शह देणारा मोहरा मारणे, किंवा मध्ये स्वतःचा मोहरा घालणे. इथे e8 आणि h5 वरचा वजीर मारायला कोणी नाही. मग प्रश्न आड घालण्याचा. e8 वरून शह आला की आड घालायची जागा एकच, f8. h5 वरून आला की तीही एकच, h6. काळ्याचा वजीर b2 वरून यांपैकी एकाही घरावर पोचत नाही. हत्ती a2 वरून पोचत नाही. दोन मोठे मोहरे पांढऱ्या राजाच्या अंगणात, आणि घरी दाराशी कोणी नाही.

आता मागची स्थिती पुन्हा बघा, ...Rxa2 खेळण्यापूर्वीची. हत्ती a6 वर होता. सहावी आडवी रांग पूर्ण मोकळी होती. म्हणजे h6 हे घर त्या हत्तीच्या ताब्यात होते! तो तिथे असताना Qe8+ Kh7 Qh5+ आले असते तर Rh6 घालून शह संपले असते. तो हत्ती रिकामा बसलाय असे तिला वाटत होते, पण तो पहारा देत होता. प्याद्यासाठी पहारेकरी उठवला, आणि दार उघडे राहिले.

मग काय खेळायला हवे होते? ...Qf6. मला ही चाल फार आवडते, कारण ती काही मारत नाही, कोणाला धमकावत नाही, आणि डाव संपवते. f6 वरून वजीर f8 बघतो आणि h6 ही बघतो. नेमकी तीच दोन घरे. शिवाय पांढऱ्या वजिराला अदलाबदलीला बोलावतो. पांढऱ्याने 1.Qxf6 केले तर Rxf6 आणि एका हत्तीने पुढचा शेवट सहज जिंकता येतो. 1.Qe8+ आले तर Qf8, पुन्हा अदलाबदलीचीच भाषा. a7 वरचे प्यादे मारावे तर हत्ती तिथला वजीरच मारतो. आणि a2 वरचे प्यादे मिळवायचेच होते तर ते वजिराने मारायचे, ...Qxa2. मग हत्ती a6 वरच राहतो, h6 झाकलेले राहते, आणि वजीर a2 ते g8 या कर्णावरून f7 ही सांभाळतो. त्याच प्याद्यावर दोन मोहऱ्यांची नजर होती, एकाने मारले तर विजय, दुसऱ्याने मारले तर बरोबरी.

आधी हरणाऱ्याच्या खुर्चीत बसू

पांढऱ्याने Qe8+ कसे शोधले? पांढऱ्याकडे e7 वरून अर्थपूर्ण असे तीन शह होते: Qe8+, Qd8+ आणि Qe6+. (g7 वर किंवा f8 वर वजीर फेकणेही शहच, पण तो मारला जातो.) घाईत दिसेल तो शह द्यायचा मोह होतो, आणि इथेच पुष्कळ बरोबऱ्या वाया जातात. योग्य पद्धत अशी: प्रत्येक शहानंतर राजाला किती घरे उरतात ते मोजायचे, आणि सर्वांत कमी घरे ज्यात उरतात तिथून सुरुवात करायची. Qe6+ नंतर राजाला h7, h8, f8 अशी तीन घरे. Qd8+ नंतर h7 आणि f7 अशी दोन. Qe8+ नंतर एकच, h7. एकच घर म्हणजे पुढचे सगळे तुमच्या हातात. तीन घरे म्हणजे तीन वेगवेगळे हिशेब, आणि त्यांतला एक जरी चुकला तरी पुढची संधी नाही, कारण g2 वर मात टांगलेली आहे. एका रिकाम्या चालीचीही चैन नाही.

एकच घर मिळाल्यावर पुढचा प्रश्न: h7 वरच्या राजाला कुठून शह द्यायचा? इथेही दोन पर्याय आहेत, Qh5+ आणि Qe4+. e4 चा मोह समजण्यासारखा आहे, कारण तिथून वजीर g2 ही वाचवतो. पण 2.Qe4+ g6 आले की प्यादे हलल्यामुळे काळ्या वजिराची b2 ते h8 ही तिरकी वाट उघडते. मग 3.Qe7+ ला Qg7 आणि शह संपले. हत्तीने मागे पडलेला पांढरा राहिला तसाच. शह देताना समोरच्याला प्यादे पुढे टाकायची संधी दिली तर त्याच्या मागे लपलेले मोहरे जागे होतात, हे या एका चालीत दिसते. Qh5+ मध्ये तसे काही होत नाही, g7 चे प्यादे बिचारे जागीच राहते.

तेव्हा शोधायचे काय, तर एकेक शह नव्हे, शहांची जोडी. दोन घरे अशी की पहिल्यावरून शह दिला की राजा ठरावीक घरी जातो, दुसऱ्यावरून दिला की परत येतो, आणि त्या दोन घरांमध्ये वजिराची वाट मोकळी आहे. e8 आणि h5 ही अशी सर्वांत प्रसिद्ध जोडी. काळ्या राजाचे f आणि h प्यादे गेलेले, g7 उभे, आणि राजा g8 किंवा h7 वर, असे दिसले की लगेच ही जोडी तपासा. काळ्या मोहऱ्यांनी खेळत असाल तर हीच e1 आणि h4.

दुसरी एक जोडी जवळ ठेवण्यासारखी आहे. काळ्याची प्यादी f7, g6, h7, आणि पांढऱ्याचे एक प्यादे e5 वर. काळा उंट g7 वरून गेलेला आहे. इथे Qd8+ Kg7 Qf6+ Kg8 Qd8+ असे चालते. राजा f6 वरचा वजीर मारू शकत नाही कारण e5 चे प्यादे त्याला धरून आहे. राजाने Kh6 करून पळायचे म्हटले तर Qh4+ आणि त्याला Kg7 वर परतावेच लागते. इथे सगळा भार त्या e5 च्या प्याद्यावर आहे. हरत असताना असे प्यादे साध्या अदलाबदलीत घालवू नका, बाकी सगळे गेले तरी चालेल.

तिसरी थोडी धाडसी आहे, कारण ती स्वतः तयार करावी लागते. काळ्याने h6 खेळले आहे, राजा g8 वर, स्वतःचाच हत्ती f8 वर. पांढऱ्याकडे h6 कडे बघणारा उंट आणि त्याच्या मागे वजीर आहे. Bxh6 gxh6 Qxh6, आणि मग Qg5+ Kh7 Qh5+ Kg7 Qg5+. एक उंट देऊन दोन प्यादी घेतली आणि बरोबरी खिशात. इथे काळ्याचा f8 चा हत्तीच त्याच्या राजाची पळवाट बंद करतो. पण अटी बघून घ्या: d8 वर वजीर किंवा e7 वर उंट असेल आणि मधली वाट मोकळी असेल तर g5 वरचा तुमचा वजीर सरळ मारला जाईल. f6 वर घोडा असेल तर h5 त्याच्या ताब्यात. h6, g6 किंवा g7 वर आड येऊ शकणारा मोहरा असेल तरी जमणार नाही. उंट मारायच्या आधी हे तीन प्रश्न विचारायचे, नंतर विचारून उपयोग नाही.

निरंतर शह फक्त वजिराचाच असतो असे नाही. व्हिएन्नात १८७२ साली हाम्पे आणि माइटनर यांच्यात झालेला डाव 'अजरामर बरोबरी' म्हणून ओळखला जातो. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या माइटनरने वजिरासकट बरेच काही देऊन पांढऱ्या राजाला पटाच्या मध्यातून ओढत c6 पर्यंत आणले. आणि शेवटी शह कोण देतो, तर एक उंट: Bb7+, राजा b5 वर, Ba6+, राजा c6 वर, Bb7+. उंट b7 वर असताना राजा त्याला मारू शकतो, कोणी राखायला नाही. पण मारले की काळा Kd7 खेळतो आणि पुढे Rhb8 ही मात थांबवता येत नाही. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे: शह देणारा मोहरा उघडा असला तरी तो मारल्याने मात होत असेल तर निरंतर शह टिकतो. वजीर गेला म्हणून शोध थांबवू नका.

आणि शोधण्यापूर्वी राजीनामा देऊ नका. न्यूयॉर्कमध्ये १९९७ च्या मे महिन्यात डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या दुसऱ्या डावात कास्पारोव्हने 45.Ra6 नंतर राजीनामा दिला. d6 वरचा त्याचा उंट मरणार होता आणि पांढऱ्याची पकड घट्ट दिसत होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला सांगितले की त्यांच्या विश्लेषणात 45...Qe3 नंतर निरंतर शहाची बरोबरी निघते: 46.Qxd6 घेऊ द्यायचे आणि Re8 खेळायचे. जगज्जेत्याला पटावर जे दिसले नाही त्याचे कारण मला असे वाटते की तिथे पहिली चाल शहाची नव्हती. उंट मरू देऊन वजीर आधी योग्य घरी नेऊन ठेवायचा, हत्ती e8 वर उभा करायचा, आणि मग शह. आपण हरताना फक्त शह मोजतो. शहांची जोडी आता उपलब्ध नसेल तर एका शांत चालीने ती तयार होते का, हेही बघायला हवे. अर्थात समोर एका चालीची मात नसेल तरच ही चैन.

आता जिंकणाऱ्याची बाजू

मुलांना मी एक सवय लावतो. तुम्ही वर आहात आणि पुढच्या चालीत काही मारणार आहात किंवा मातीची धमकी देणार आहात. हात पुढे करण्यापूर्वी समोरच्याचा वजीर उचलून (मनातल्या मनात!) तुमच्या राजाला जिथून जिथून शह देऊ शकतो ती सगळी घरे मोजा. साधारण तीन ते पाच निघतात. प्रत्येकाला तुमचे उत्तर काय ते ठरवा. आणि मग विचारा: मी आत्ता जो मोहरा हलवणार आहे, तो यांपैकी कोणत्या उत्तरात कामाला येतो? येत असेल तर तो पहारेकरी आहे, दुसऱ्याला पाठवा. वरच्या डावात एवढा एक प्रश्न विचारला असता तर a6 चा हत्ती हलला नसता.

गडबड अशी होते की मातीची धमकी दिसली की मोजणी थांबते. "आता त्याला वाचवावेच लागेल" असे वाटते. पण शह हे वाचवण्यापेक्षा वरचे उत्तर आहे. तुमची मात पुढच्या चालीला आहे, त्याचा शह या चालीला.

वजिरांची अदलाबदल हा सर्वांत साधा उपाय, आणि तो सांगूनही लोक टाळतात, कारण वजीर ठेवून लवकर मात होईल अशी आशा असते. हत्ती वर असताना वजीर निघाले तर समोरच्याकडे शह द्यायला काही उरतच नाही. पुढचा शेवट वीस चाली जास्त चालेल, चालू द्या. अदलाबदल सरळ मिळत नसेल तर ...Qf6 सारखी जागा शोधा, जिथून वजीर आड यायची घरे झाकतो. समोरच्याने शह दिला की अदलाबदल आपोआप होते.

काही वेळा पहारेकरीच नसतो आणि थोडे परत द्यावे लागते. हत्तीच्या बदल्यात उंट, किंवा जास्तीचे एक प्यादे. मुले याला फार विरोध करतात. पण हत्तीने वर असणारा उंटाच्या बदल्यात हत्ती देऊन शह बंद करतो तेव्हा त्याच्याकडे अजूनही एक उंट जास्त असतो, आणि डाव जिंकलेलाच असतो.

वजिरांच्या शेवटात मात्र अदलाबदलही सहजी मिळत नाही आणि झाकायला दुसरा मोहराही नसतो. तुमचे प्यादे सातव्या रांगेत, समोरचा वजीर तुमच्या राजाला पटभर पळवतो. इथे राजा कुठे न्यायचा? मुले राजाला आपल्या प्याद्याजवळ कोपऱ्यात लपवायला बघतात. बहुतेक वेळा उत्तर उलट असते: समोरच्याच्या राजाच्या रेषेत किंवा लगतच्या रेषेत येईल असे घर शोधायचे. का, ते या स्थितीत बघा. चाल पांढऱ्याची, काळ्याच्या वजिराने नुकताच f2 वरून शह दिला आहे:

```
8/6P1/5K2/k7/4Q3/8/5q2/8 w - - 0 1
```

पांढरा राजा f6, वजीर e4, प्यादे g7. काळा राजा a5, वजीर f2. राजा हलवला तर पुन्हा शहांचे चक्र सुरू. पण 1.Qf5+ आहे. वजीर मध्ये आला, आणि पाचव्या रांगेवरून त्यानेच काळ्या राजाला शह दिला. आता काळ्याला शह देत राहण्याची मुभाच नाही, आधी स्वतःचा राजा वाचवायचा आहे. Qxf5+ Kxf5 नंतर g7 चे प्यादे वजीर होते. राजा हलवला तर Qxf2. पण Qf4 घातला असता तर तो मारलाच गेला असता, कारण f6 चा राजा f4 ला राखत नाही. शहाला आड येऊन उलटा शह देण्याची ही युक्ती पांढरा राजा काळ्या राजाच्या लगतच्या रांगेत, सहाव्यात, असल्यामुळेच मिळाली. म्हणून शहांपासून पळताना मी विचारतो: माझा राजा कुठे गेला तर माझ्या वजिराला आड येताना शह मिळेल? तेच घर गाठायचे.

बरोबरी मागताना होणारी चूक

एक गैरसमज खूप पसरला आहे: "तीन शह दिले की बरोबरी." नाही. फिडेच्या नियमांत निरंतर शह नावाचे वेगळे कलमच नाही. बरोबरी मिळते ती तीच स्थिती तिसऱ्यांदा आल्यामुळे: सगळे मोहरे त्याच घरांवर, चाल त्याच खेळाडूची, आणि तेच हक्क. या तीन वेळा सलग याव्यात अशीही अट नाही. वरच्या यादीत बघा: राजा g8, वजीर e8, चाल काळ्याची, ही स्थिती पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या चालीनंतर येते. शह पाच दिले गेले, स्थिती तीनदा आली.

मागायची पद्धत अशी. 5.Qe8+ ही चाल पटावर करायची नाही. कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचे, आणि पंचांना सांगायचे की या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येते. लिहिलेली चाल मग बदलता येत नाही. मोहऱ्याला हात लावलात तर त्या चालीपुरता दावा गेला. दावा चुकला तर दीर्घ डावात समोरच्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात आणि डाव पुढे चालतो, म्हणून कागदावर चाली नीट लिहिलेल्या हव्यात. शह देण्याच्या गडबडीत लिहायचे राहिले की नेमके इथे अडते. कोणीच दावा केला नाही तर तीच स्थिती पाचव्यांदा आल्यावर पंच स्वतः डाव बरोबरीत सोडवतात.

ऑनलाइन खेळणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा: chess.com वर तिसऱ्यांदा तीच स्थिती आली की डाव आपोआप संपतो. lichess.org वर तिसऱ्यांदा तुम्ही दावा करू शकता, आपोआप संपतो तो पाचव्यांदा. जिंकत असाल आणि वेळ मिळवायला म्हणून दोनदा शह देऊन राजा मागेपुढे करवत असाल, तर तिसऱ्यांदा काय होईल ते आधी आठवा. मी एका विद्यार्थ्याचा पूर्ण जिंकलेला डाव अशा तऱ्हेने बरोबरीत सुटलेला पाहिला आहे, आणि तिथे समोरच्याने काहीही केले नव्हते.

त्या मुलीने घरी जाऊन वरची स्थिती दोन्ही बाजूंनी खेळून पाहिली. पुढच्या आठवड्यात वर्गात आली आणि स्वतःहून म्हणाली, "सर, Qf6 तर आहेच, पण Qxa2 पण चालते, कारण हत्ती तिथेच राहतो ना?" मी पट तिच्यासमोर सरकवला आणि पांढऱ्याचे शह एकेक करून दिले. Qe8+ ला तिने राजा h7 वर नेला, Qh5+ ला लगेच Rh6 घातला, आणि Qf5+ ला थोडे थांबून g6 खेळली.